खुराड्यातले लाल माइट: तीन आठवड्यांची नोंद

दिवस १. खुडूक बसलेली कोंबडी अंडी सोडून उठली आणि इतर कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायला टाळाटाळ करू लागल्या. तुरे फिके पडले होते. दिवसा पिसं चाळली तर एकही किडा दिसला नाही. मग रात्री दहाला बॅटरी घेऊन गेलो आणि दांड्याच्या खालून पांढरा कागद घासला. कागदावर रक्ताचे लाल फराटे उमटले. हे लाल माइट. दिवसभर फटीत राहतात, रात्री रक्त पितात. दांडा भिंतीत बसवलेल्या खाचेत राखेसारखी करडी भुकटी साचली होती, घर तिथेच.

दोन कोंबड्यांच्या गुदाभोवती मात्र पिवळसर उवाही पळताना दिसल्या, पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे पुंजके. उवा पक्ष्याचं अंग सोडत नाहीत, म्हणून त्यांचा उपाय अंगावरच करावा लागतो.

दिवस २. सकाळी कोंबड्या बाहेर काढल्या. गवत जाळलं, दांडे उपटले, शीट खरवडली आणि प्रत्येक फटीत उकळतं पाणी ओतलं. जाळीवर फ्लेम गन फिरवली, लाकडाजवळ नेली नाही. भिंतींना चुना दिला. ओला चुना पाय भाजतो, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत कोंबड्या ओसरीत टोपल्यांखाली ठेवल्या.

शेजाऱ्याने शेतातलं फवारणीचं औषध देऊ केलं, ते घेतलं नाही. २०१७ मध्ये युरोपात माइटसाठी वापरलेलं फिप्रोनिल अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली होती. रॉकेलही दांड्यावर नको, पायांना आणि छातीला चटका बसतो.

उवांसाठी पशुवैद्यांनी दिलेली पावडर त्यांनी सांगितली तेवढीच पंखांखाली आणि गुदाजवळ चोळली, डोळे आणि चोच झाकून.

दिवस ७. कागदावर पुन्हा बारीक लाल ठिपके. उष्ण हवेत अंड्यापासून प्रौढ माइट व्हायला साधारण आठवडा पुरतो, आणि पहिल्या धुण्यातून सुटलेली अंडी फुटली होती. पुन्हा उकळतं पाणी. या वेळी दांडा भिंतीतून काढून चार पायांवर उभा केला, पाय गोड्या तेलाच्या डब्यांत ठेवले. खाचा मातीने लिंपल्या. माइटला दांड्यावर यायला चालावंच लागतं. तेल ओलांडता येत नाही, पण दांडा भिंतीला किंचितही टेकला तर सगळं फुकट.

दिवस १२. तिसरं धुणं. डब्यांतल्या तेलात माइट बुडालेले दिसले, कागद जवळजवळ कोरा.

दिवस १६. लिखांवर पावडर चालत नाही, त्यातून निघालेल्या उवांसाठी दुसरा हात दिला.

दिवस २१. तीन रात्री कागद कोरा. तुरे लाल होत आहेत. माइट उपाशीपोटीही कित्येक महिने तग धरतात, म्हणून तेलाचे डबे तसेच ठेवलेत आणि दर रविवारी रात्री कागद घासतो. खुडूक कोंबडीला नव्या गवतावर सात अंडी दिली. काल रात्री ती उठली नाही.