भिशीचा शेवटचा नंबर

"तुमच्या आजीनं जन्मात कुणाकडून उसनं घेतलं नाही म्हणता, मग लग्नं, घर, आजारपणं एवढं सगळं भागवलं कशातून?"

आत्याच्या लग्नाचंच सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. लग्न 1987 च्या मे महिन्यातलं. आजोबा कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये कामाला होते. त्यांच्या पगारात घर चालायचं, वर काही उरायचं नाही. मोठ्या खर्चाचं खातं आजीचं होतं. परसात दोन पंढरपुरी म्हशी होत्या आणि गल्लीत दुधाचा रतीब. रतीबाच्या पैशाला घरखर्चासाठी हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता.

त्या पैशातून ती भिशी भरायची. वीस जण, महिन्याला तीनशे रुपये, म्हणजे दरमहा सहा हजार गोळा व्हायचे. पहिली उचल भिशी चालवणाऱ्याची. पुढच्या महिन्यापासून लिलाव. ज्याला नड असेल तो कमी रकमेवर उचलायचा. समजा कुणी 4,600 वर उचलली, तर सोडलेले 1,400 वीस जणांत वाटले जायचे. प्रत्येकाला सत्तर रुपये सुटायचे आणि त्या महिन्याला तीनशेऐवजी दोनशेतीसच भरावे लागायचे. आजी बोली लावायचीच नाही. अठरा महिने दुसऱ्यांची सूट खात शेवटच्या महिन्यात पूर्ण सहा हजार घ्यायची. तिनं भरलेले त्याहून बरेच कमी असायचे.

बायका म्हणायच्या, मधेच उचल की, पैसे वापरायला मिळतील. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं : "आधी उचलली की ते कर्जच की गं. मी शेवटालाच घेतो." तिचं म्हणणं हिशेबानं बरोबर होतं. तिसऱ्या महिन्यात भिशी उचलणारा उरलेले सतरा महिने हप्तेच फेडत असतो, फक्त त्याला हप्ता म्हणत नाहीत आणि व्याज बोलीत आधीच कापलेलं असतं. म्हणजे तिला मिळणारा फायदा हे दुसऱ्याच्या नडीचं व्याजच होतं. तिला हे कळत नव्हतं असं नाही, पण त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

शेवटच्या नंबराला धोकाही शेवटचाच असतो. एका भिशीत एकानं दुसऱ्याच महिन्यात चार हजारांच्या खाली बोली नेऊन पैसे उचलले आणि चौदाव्या महिन्यात बिऱ्हाड हलवून गेला. मग आधी उचललेल्या आणखी दोघांनी "तो भरत नाही, तर आम्हीच का भरायचं?" म्हणून हात आखडले. आजीच्या हातात सहा हजारांऐवजी 5,100 आले. ओरडायचं तरी कुणापुढं? अशा लिलाव भिशीला आज कायद्यानं नोंदणी लागते, पण गल्लीतल्या भिशीत नोंदणी म्हणजे एक शंभर पानी वही. त्यानंतर तिनं दोनच गोष्टी बघायला सुरुवात केली. माणूस भाड्याच्या खोलीत राहतो की स्वतःच्या घरात, आणि तो रतीबाचं बिल पहिल्या आठवड्यात देतो की ओढाताण करतो. सुरुवातीलाच फार कमी रकमेवर उचलणारा दिसला, की पुढच्या फेरीत त्याचं नाव घ्यायला ती विरोध करायची. एवढी सूट सोडणाऱ्याचं दुसरीकडेही देणं असतं, हे तिनं ओळखलं होतं.

भिशीच्या जोडीला होती एक वगार. 1983 च्या पावसाळ्यात म्हशीला झालेली. आत्या तेव्हा शाळेत होती आणि लग्नाचं कुणाच्या मनातही नव्हतं, पण आजीनं ती वगार विकायची नाही असं ठरवलं. रेडकू लहानपणी विकलं तर किरकोळ पैसे येतात. दूध तोडल्यावर वैरणीवर, पेंडीवर दोन-अडीच वर्षं काढली, वेळेवर फळवली, की दहा महिन्यांनी ती पहिल्या वेताची म्हैस होते आणि तिची किंमत दुधावर ठरते. ही 1986 च्या दिवाळीच्या आगेमागे व्याली. आजीनं महिनाभरातच साडेपाच हजाराला विकली. लग्न मेमध्ये, मग तेव्हाच का विकायची नाही, असं आजोबांनी विचारलं. उन्हाळ्यात हिरवी वैरण संपते, दूध आटतं, मग गिऱ्हाईक म्हशीकडं न बघता तिच्या बरगड्या मोजतं, हे तिचं कारण. पैसे सहा महिने पोस्टात राहिले.

आता सोनं. दर दसऱ्याला नाहीतर पाडव्याला ती गुजरीतल्या सराफाकडं जायची आणि दोन-तीन ग्रॅमचं वेढणं घ्यायची. दागिना नाही. दागिन्याला घडणावळ जाते, सांध्याला डाग असतो, बोरमाळेसारख्या जिनसात लाख भरलेली असते, आणि मोडायला गेलं की हे सगळं वजा होतं. वेढणं म्हणजे चोख सोन्याची साधी तार, त्यात वजा व्हायला काही नाही. बारा-तेरा वर्षांत साधारण 35 ग्रॅम साठलं. लग्नाच्या आधी दोन महिने तिनं ते सगळं सराफाकडं नेलं आणि डोळ्यादेखत आटवून घेतलं. चोख सोन्यात बावीस कॅरेटचा दागिना करताना मिलावट पडते, म्हणजे वजन वाढतं, 35 चं 38 च्या आसपास होतं. हे वाढीव वजन आपल्या पदरात पडलं पाहिजे हे तिला सराफाइतकंच पक्कं ठाऊक होतं. रोख गेली ती फक्त पाटल्यांच्या घडणावळीची.

म्हणजे भिशीचे सहा हजार, वगारीचे साडेपाच आणि सोनं आधीच घरात. मांडव दारातच, पंगत गल्लीत. बँडचा आग्रह तिनं मोडून काढला, त्याचा राग आत्यानं अजून धरलाय.

आजारपण असं सांगून येत नाही, तिथं ही तयारी तोकडी पडते. 1991 ला आजोबांचं ऑपरेशन निघालं तेव्हा भिशी अर्ध्यावर होती आणि शेवटचा नंबर लांब. बोली लावून उचल, असं सगळ्यांनी सांगितलं. तिनं गळ्यातली पुतळ्यांची माळ उतरवली, दोरा सोडला आणि सहा पुतळ्या काढून विकल्या. उरलेल्या परत ओवल्या. पाटली विकायची तर अख्खी जाते, माळेतलं लागेल तेवढंच काढता येतं. माळ त्यासाठीच घेतली होती का, ते मी तिला कधी विचारलं नाही.

घराच्या बाबतीत मात्र तिचा हिशेब चुकला, असं माझं मत आहे. मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचा तर पैसे साठेपर्यंत थांबायचं म्हणून ती बरीच वर्षं थांबली. तेवढ्यात सिमेंट आणि सळी महागत गेली, साठवलेले पैसे दरवेळी थोडेसे कमीच पडायचे, आणि दर पावसाळ्यात कौलं चाळायचा खर्च वेगळा. शेवटी काकानं स्वतःच्या नावावर बँकेतून कर्ज काढून एका उन्हाळ्यात स्लॅब टाकला. त्यानं व्याज आणि वाढलेले भाव कागदावर मांडून दाखवले, तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त हप्त्याच्या तारखेला सकाळी सकाळी त्याला उठवून विचारायची, "पैसं भरलंस काय रे?"