मुहूर्त 12.27 चा: मुलीकडच्यांचा दिवस, तासातासाने

भाचीच्या लग्नात मुलीकडचं वेळापत्रक माझ्या हातात होतं. पुण्यातलं कार्यालय, साडेतीनशे पानं, मुहूर्त दुपारी 12.27 चा आणि संध्याकाळी 6 वाजता कार्यालय रिकामं करायचं. ग्रहमख, पुण्याहवाचन, देवक आदल्या दिवशी सकाळी आणि सीमांतपूजन संध्याकाळी उरकलं होतं. तुमच्या घरी चालत असेल तर हे असंच करा. पुण्याहवाचन आणि देवक लग्नाच्या सकाळी ठेवलं की मुलीचे आईवडील सात-साडेसातपासून दोनेक तास पाटावर अडकतात, आणि नेमकं तेव्हाच वरपक्षाचा नाश्ता, पाहुण्यांच्या खोल्या, केटररचे प्रश्न असं सगळं त्यांना शोधत येतं.

दिवस मुहूर्तापासून उलटा मांडायचा, आणि त्याआधी मुहूर्त म्हणजे काय हे नीट समजून घ्यायचं. पत्रिकेतली वेळ मंगलाष्टकं सुरू व्हायची नसते, संपायची असते. शेवटच्या ‘सावधान’ला आंतरपाट दूर होतो, तो क्षण 12.27. आमच्याकडे घरचे चौघे मंगलाष्टकं म्हणणार होते. प्रत्येकाची अडीच-तीन मिनिटं आणि गुरुजींचे श्लोक धरून पंधरा मिनिटं होत होती, म्हणजे सुरुवात 12.12 ला. गाणाऱ्यांनी आदल्या रात्री घड्याळ लावून एकदा म्हणून बघावं. चौघांचं मिळून पाच मिनिटं जास्त झालं तर शेवटच्या माणसाचं कडवं गुरुजींना कापावं लागतं, आणि ती बहुधा लांबून आलेली आत्या असते. कमी पडलं तर काळजी नाही, गुरुजी श्लोक वाढवतात.

12.12 पासून मागे येऊ. मामांनी मुलीला बोहल्यावर आणायचं ते 12.05 ला. त्याआधी गौरीहर, तो 11.15 ला सुरू. म्हणजे अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून मुलगी 10.55 ला तयार हवी. नऊवारी नेसवायला अर्धा तास, मेकअप आणि खोपा यांना पावणेदोन तास. पार्लरच्या ताई दीड तास सांगतात, पण त्यात दागिने घालणं धरलेलं नसतं. त्यामुळे मुलगी 8.30 ला त्यांच्या खुर्चीत बसलेली असली पाहिजे. ही एकच वेळ मी कागदावर लाल रंगाने लिहिली होती. सकाळचं काहीही उशिरा झालं तरी चालेल, हे नाही.

आता सकाळपासून. घरच्या बायका 4.45 ला उठल्या. खोलीतला पंधरा लिटरचा गीझर पुन्हा तापायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो आणि एका न्हाणीघरात आठ जणी, म्हणून आंघोळीचे क्रम रात्रीच ठरवून दाराला चिकटवले. न्हाणं आदल्या संध्याकाळी उरकून घ्यावं. सकाळी ओल्या केसांनी खोपा बसत नाही, आणि वाळवण्यात तास जातो. 6 ला वरपक्षाच्या खोल्यांत चहा गेला. त्यांच्याकडे हळद 6.15 ला, तिथून उष्टी हळद आपल्याकडे 6.45 ला. इथे हमखास उशीर होतो, कारण नवरदेवाचे मित्र हळदीत रमतात. म्हणून एक करवली वाटी घेऊन तिथे उभीच ठेवावी: पहिल्या पाच सवाष्णींनी लावली की ती उष्टी हळद घेऊन निघते, बाकीचा खेळ मागून चालू राहतो. मुलीला हळद दुधात कालवून लावावी, चेहऱ्याला अगदी बोटभर. तेलातली हळद चेहऱ्यावर चिकट राहते आणि त्यावर मेकअप सरकतो. 7.30 ला आंघोळ, 8 ला नाश्ता.

नाश्त्याची पानं जेवणाइतकी नसतात. आम्ही 120 सांगितली, कार्यालयात मुक्कामाला असलेले दोन्हीकडचे आणि गावातले जवळचे मिळून. पुरली. 8 ते 9.30 चालू, आणि वरपक्षाच्या पंक्तीत आपला एक मोठा माणूस कायम हवा. तिथे चहाला उशीर झाला तर तो दिवसभर लक्षात राहतो.

उपासाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण कोणी आधी बोलत नाही आणि दोन वाजता चक्कर येते. बऱ्याच घरांत कन्यादान होईपर्यंत मुलगी आणि तिचे आईवडील जेवत नाहीत. आमच्या गुरुजींना विचारलं, तेव्हा दूध, फळं, साबुदाण्याची खिचडी चालेल म्हणाले. तुमच्या गुरुजींना हे आठवडाभर आधी स्पष्ट विचारा. मुलीला 8 ला खिचडी आणि केळं दिलं, मग 10.20 ला, ओठ रंगवायच्या आधी, एक पेला दूध आणि दोन खजूर. त्यानंतर पाणी फक्त नळीने. मुलीच्या वडिलांना मधुमेह. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस उगाच चिडतो आणि आपल्याला वाटतं लग्नाचा ताण आहे. त्या दिवशीची गोळी कधी आणि किती, हे त्यांच्या डॉक्टरांनी आधी लिहून दिलं होतं. मुलीच्या मावसभावाच्या खिशात ग्लुकोजची पुडी होती, आणि 11 वाजता त्यांना ताक आणि सफरचंद देणं हे त्याचं नेमून दिलेलं काम होतं. ‘कोणीतरी बघेल’ असं सोडलेलं काम त्या दिवशी कोणीच बघत नाही.

10.30 ते 11.30 हा सगळ्यात गर्दीचा तास. पाहुणे येऊ लागतात, रुखवत बघायला बायका जमतात, नवरदेव मांडवदारी येतो आणि त्याची मधुपर्कपूजा मुलीच्या वडिलांना करायची असते. म्हणजे दारात स्वागताला वडील नसणार. तिथे काका-काकू उभे केले आणि त्यांना चार वाक्यं सांगून ठेवली: चपला कुठे, पाणी कुठे, बसायचं कुठे, जेवण किती वाजता. वयस्कर पाहुण्यांसाठी पुढच्या दोन रांगा पावणेबारापर्यंत अडवून ठेवल्या. अक्षता 11.50 पासून वाटायच्या. पत्रिकेतली वेळ बघून निम्मे लोक 12.10 नंतरच येतात, म्हणून एक जण दाराशीच तबक घेऊन राहिला. दोन किलो तांदळाच्या अक्षता पुरून उरल्या. त्या आदल्या दिवशी करून, कुंकू पूर्ण वाळवून ठेवाव्यात. ओल्या राहिल्या तर गोळे होतात आणि पुढच्या रांगेतल्या साड्यांवर लाल डाग पडतात.

12.05 ला दोन्ही मामा जागेवर हवेत. आमचा मुलीचा मामा 12 ला गाडी लावायला गेला होता. मामांचं पार्किंग, फोन, पाहुणे सगळं 11.45 ला बंद करून त्यांना गौरीहराशेजारी बसवायला हवं होतं. करवल्यांच्या हातातला दिवा आणि कराही तिथेच तयार ठेवावा. सनईवाल्यांना खूण कोण करणार हेही आधी ठरवा, नाहीतर शेवटच्या आधीच्या ‘सावधान’लाच वाजंत्री सुरू होते.

आंतरपाट दूर झाला, हार घातले, आणि इथून वेळ हातातून निसटायला लागते. रात्री स्वागतसमारंभ नसेल तर सगळ्यांना याच वेळी भेटायचं असतं. हिशोब करा: तिघा-चौघांचा एक गट धरला तर साडेतीनशे माणसांचे शंभर गट, एका फोटोला वीस सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटं. आम्ही 12.35 ते 1.10 एवढंच ठेवलं आणि 1.05 ला मुलीच्या भावाने रांगेच्या शेवटी उभं राहून नव्यांना ‘आधी जेवून घ्या, अडीचनंतर भेटू’ असं हात जोडून सांगितलं. हे काम तोंडाने गोड आणि मनाने पक्क्या माणसाला द्या. रांग तशीच चालू दिली तर कन्यादान दोनला सुरू होतं आणि जेवण चारला.

पानं मांडायला 12.40 ला सुरुवात. भोजनगृहात 120 जण बसत होते, एका फेरीला पस्तीस मिनिटं, तीन फेऱ्यांत अडीच वाजले. पहिल्या फेरीत वयस्कर, मधुमेही, लहान मुलांच्या आया आणि लांबच्या गाडीचे लोक जावेत.

1.10 ते 2.40 विधी. कन्यादान, कंकणबंधन, मंगळसूत्र, मग मुलगी सासरचा शालू नेसून येते, त्याला वीस मिनिटं. शालूला पिना, परकर, जुळणारा ब्लाऊज हे एका पिशवीत आणि ती पिशवी बोहल्यामागेच हवी, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नको. त्यानंतर विवाहहोम. लाजाहोमात लाह्या मुलीच्या भावाने घालायच्या असतात, कानपिळीही त्याचीच, आणि तोच भाऊ त्या वेळी वाढायला गेलेला असतो. त्याला 1.45 पासून हलू देऊ नका. सप्तपदीचे तांदळाचे सात ढीग, सुपाऱ्या, सहाण हे होम चालू असतानाच मांडून घ्यावं.

2.45 ला विहिणीची पंगत. केटररचे वाढपी तीनला आवरायला लागतात, आणि ज्यांच्या घरचं लग्न तेच गार पुऱ्या आणि तळाची अळूची भाजी खातात. म्हणून करारातच लिहून घेतलं होतं: 45 पानं बाजूला, पुऱ्या आणि जिलेबी 2.45 नंतर ताजी, मठ्ठा वेगळ्या पातेल्यात. रांगोळी, उदबत्ती, ताटाभोवतीची फुलं दोन वाजता एका काकूंनी घातली. उखाणे आणि घास मिळून दहा मिनिटांवर जाऊ देऊ नयेत, मुलगी सकाळपासून उपाशी आहे.

3.45 ते 4.30 खोली आतून बंद. मुलगी दागिने उतरवून आडवी, आई शेजारी आडवी, फोन दुसऱ्याकडे. या पाऊण तासात मोठ्या माणसांनी हिशोब मिटवायचे: केटररची पानं मोजणं, भांडी, रुखवतातल्या वस्तूंची यादी वरपक्षाच्या हातात देणं.

4.30 ला सूनमुख आणि झाल. झालीतल्या कणकेच्या दिव्यांत तेल अर्धंच घाला. ती टोपली सासरच्यांच्या डोक्यावर धरायची असते, तेल निथळलं तर केसांवर आणि शालूवर जातं. 5.15 ला पाठवणी. मुलीच्या हातातल्या पिशवीत रात्रीचे कपडे, रोजची औषधं, चार्जर आणि सुती साडी. मोठ्या बॅगा आधीच्या गाडीने गेलेल्या असतात आणि त्या रात्री कोणी उघडत नाही.

6 ला कार्यालय सोडलं. केटररकडून निघताना दहा माणसांची मुगाची खिचडी आणि कढी डब्यात भरून घेतली होती. 8 वाजता घरी ती गरम करून मुलीच्या आईवडिलांना बसून वाढली, आणि वडिलांची रात्रीची गोळी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.