गज उज्जहार: एका श्लोकाचा संधिविग्रह

रात्री साडेनऊला भाचीने संस्कृतच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवला. पान शिवणीकडे वळलेलं, ओळींची सुरुवात सावलीत. सोबत मजकूर: "मावशी, संधी सोडव आणि अर्थ सांग, उद्या वही तपासणार आहेत."

श्लोक ओळखीचा निघाला, रात्री कमळात अडकलेल्या भुंग्याचा:

रात्रिर्गमिष्यति भविष्यति सुप्रभातं
भास्वानुदेष्यति हसिष्यति पङ्कजश्रीः।
इत्थं विचिन्तयति कोशगते द्विरेफे
हा हन्त हन्त नलिनीं गज उज्जहार॥

फोटोत मात्र पहिला शब्द "रात्रिगमिष्यति" असा दिसत होता आणि भाचीने तो तसाच वहीत उतरवला होता. अशा वेळी मी आधी वृत्त मोजते. हे वसंततिलका, चरणात 14 अक्षरं, सुरुवात गुरू, गुरू, लघु, गुरू अशी. "रा" गुरू आहेच. पण "त्रि" ऱ्हस्व, पुढे साधा "ग" आला तर ते लघुच राहणार आणि चाल तिथेच मोडणार. पुढे जोडाक्षर असलं तरच ते गुरू होतं. म्हणजे ग वरचा रफार सावलीत गेला होता. रात्रिः + गमिष्यति, विसर्गाचा र् झालेला. फोटो मोठा केल्यावर रफाराचं टोक दिसलंही.

दुसऱ्या ओळीत तिने "भास्वा + अनुदेष्यति" लिहिलं होतं. चूक हुशारीची होती, कारण सवर्णदीर्घाच्या नियमाने आ + अ मिळून आ होतो आणि अक्षरं तंतोतंत जुळतात. मी तिला विचारलं, "भास्वा म्हणजे कोण गं?" ती गप्प. शब्द आहे भास्वत्, म्हणजे सूर्य. भगवत्-चं जसं भगवान् होतं, तसं याचं प्रथमेत भास्वान्. म्हणून भास्वान् + उदेष्यति. इथे काहीच बदललेलं नाही, न् मध्ये उ नुसता मिसळलाय. नियम लागू पडला म्हणजे विग्रह बरोबर, असं होत नाही. दोन्ही तुकडे खरे शब्द असावे लागतात.

"पङ्कजश्रीः" पुढेही तिने अधिकचं चिन्ह टाकलं होतं. तिथे संधी नाही, समास आहे: पङ्कजानां श्रीः, कमळांची शोभा. "कोशगते" तसंच, कोशं गतः, त्याची सप्तमी. हे फार ताणलं नाही.

खरी मजा शेवटच्या चरणात. "गज उज्जहार मध्ये अ आणि उ शेजारी आहेत, मग गजोज्जहार का नाही?" हा तिचा प्रश्न मला आवडला. मूळ शब्द गजः + उज्जहार. अ नंतरच्या विसर्गापुढे अ सोडून दुसरा स्वर आला की विसर्ग जातो आणि तिथे पुन्हा संधी करायचा नसतो. तिला पटेना, म्हणून अक्षरं मोजायला लावली. गजोज्जहार धरलं की चरणात 13 भरतात, गज उज्जहार ठेवलं की 14. मग पटलं. उज्जहार स्वतःही फोडता येतं, उत् + जहार. ज् समोर आल्यामुळे त् चा ज् झाला.

वृत्त सगळंच पकडतं असं मात्र नाही. तिच्या वहीत "नलिनी गज" असं होतं, अनुस्वार फोटोत पुसट झालेला. "नी" दीर्घ असल्याने गुरूच, त्यामुळे मोजणीत फरक पडत नाही. पण मग नलिनीही कर्ता आणि गजही कर्ता, उपटायला काही उरतच नाही. नलिनीं ही द्वितीया हवी.

अर्थ लिहिताना आणखी एक खड्डा होता. "विचिन्तयति" बघून तिने "तो विचार करतो" असं लिहून टाकलं. रूप क्रियापदासारखंच दिसतं, पण इथे ते विचिन्तयत् या विशेषणाची सप्तमी आहे. शेजारचे कोशगते आणि द्विरेफे दोन्ही सप्तमीत आहेत, त्यावरून कळतं. ही सतिसप्तमी: "भुंगा असा विचार करत असतानाच". द्विरेफ म्हणजे दोन र असलेला. भ्रमर या शब्दात मोजून बघ म्हटलं, तर तिने बोटांवर मोजले.

शेवटी तिने वहीत लिहिलं: "रात्र सरेल, छान पहाट होईल, सूर्य उगवेल, कमळं हसतील, असं कळीत अडकलेला भुंगा मनाशी म्हणत होता, तेवढ्यात, हाय हाय, हत्तीने कमळाची वेलच उपटली."

मग फोनवर विचारते, "मावशी, भुंगा आतच होता?"

"आतच," मी म्हटलं. "कोशगते."