गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या व्हाळावरचा रॅम पंप: पाहिलेलं, मोजलेलं आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

वाळपईपर्यंत गोव्याच्या कदंब महामंडळाची बस मिळते. पुढे सत्तरीतल्याच ठाणे गावाच्या बाजूला जाणाऱ्या बसच्या वेळा मात्र तिथल्या स्टँडवर विचारूनच निघावं, आणि परतीची शेवटची गाडीही तेव्हाच विचारून ठेवावी. डांबरी रस्ता सोडल्यावर वाड्यापर्यंत, म्हणजे गावाच्या छोट्या वस्तीपर्यंत, चढाची पायवाट आहे. वाडा डोंगराच्या कुशीत उंचावर आणि व्हाळ, म्हणजे ओढा, खाली खोल झाडीत. वाड्यावर वीज आहे, पण व्हाळापर्यंत तार गेलेली नाही. खाली दाट सावली असल्याने सौर पॅनेलला ऊन मिळत नाही. तरीही व्हाळाचं पाणी दिवसरात्र वरच्या टाकीत पडत असतं, कारण खाली चिऱ्यांच्या छोट्या खोलीत वाहत्या पाण्याच्याच जोरावर, विजेशिवाय चालणारा रॅम पंप चालू आहे.

मे महिन्याच्या शेवटी गेलो ते मुद्दाम. व्हाळ सगळ्यात बारीक असतो तेव्हा जे मिळतं, तेच त्या योजनेचं खरं पाणी. नोव्हेंबरात मोजून पंप बसवला तर एप्रिलमध्ये तो बंद पडतो.

खोलीच्या वरच्या अंगाला लहानसा बांध घालून पाणी अडवलंय. तिथून दोन इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उतरत पंपापर्यंत येतो. लांबी सुमारे 24 मीटर, उतार 4 मीटर. पाणी पाइपातून धावत येतं आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या उघड्या वेस्ट व्हॉल्वमधून बाहेर सांडतं. वेग वाढत जातो, आणि एका क्षणी पाण्याचा जोर व्हॉल्वचं झाकण वर ढकलून बंद करतो. धावतं पाणी एकदम अडतं आणि दाब उसळतो. त्या दाबाने आतला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व, उघडतो, थोडं पाणी एअर चेंबर या हवा कोंडलेल्या बंद भांड्यात शिरतं आणि तिथून काळ्या पाइपाने डोंगर चढतं. उसळी ओसरली की पाइपातला दाब क्षणभर खाली जातो, झाकण आपोआप पडतं आणि पाणी पुन्हा धावू लागतं. मिनिटाला साधारण 60 वेळा हे घडतं. फ्रान्समध्ये माँगोल्फिए यांनी 1796 मध्ये असा आपोआप चालणारा पंप केला. त्याआधी 1772 मध्ये इंग्लंडमध्ये व्हाइटहर्स्ट यांच्या यंत्रात तोटी हाताने उघडझाप करावी लागे.

पंप सांभाळणाऱ्या काकांना मी विचारलं, ‘‘एवढा महागडा लोखंडी पाइप कशाला? पीव्हीसी चाललं नसतं का?’’ ते म्हणाले, ‘‘पीव्हीसी फुगतं. धक्का तेच गिळतं, वर काय पोचणार?’’ हिशेबही तेच सांगतो. जाड लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाने येणारं पाणी अचानक थांबलं, तर दाब जवळजवळ 130 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका चढतो. पीव्हीसीत तो साधारण 40 मीटरवर राहतो, कारण पाइपाची भिंत ताणली जाते. पंपापासून वर जाणारा पाइप मात्र प्लास्टिकचा चालतो, कारण मधल्या एअर चेंबरमुळे धक्का तिथवर जातच नाही.

आता पाण्याचा हिशेब. बांधाच्या पाइपाखाली 15 लिटरची बादली धरली, ती 15 सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला 60 लिटर. टाकी पंपापासून 32 मीटर उंच. आलेल्या पाण्याला उताराने गुणायचं, चढाने भागायचं आणि पंपाची कार्यक्षमता 60 टक्के धरायची: 60 × 4 ÷ 32 × 0.6 = 4.5 लिटर दर मिनिटाला. दिवसाला 6,480 लिटर. माणशी 55 लिटर धरले तर शंभरावर माणसांना पुरतं. उरलेलं साडेपंचावन्न लिटर वाया जातंय असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, पण तेच पाणी पाटाने खालच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, जातं.

व्हाळ आटू लागला की वेस्ट व्हॉल्व उघडाच राहतो, ठोका बंद होतो आणि पाणी नुसतं सांडत राहतं. येणाऱ्या पाण्याला झाकण उचलण्याइतका वेगच येत नाही. अशा वेळी काका झाकणाच्या दांड्यावरचं एक वायसर काढतात. वजन कमी झालं की झाकण कमी वेगातही मिटतं, ठोके जलद पडतात आणि पंप कमी पाण्यावर चालतो. मिनिटाला 35 लिटर आले तर त्याच हिशेबाने टाकीत अडीच लिटरच्या थोडं वर पडतं. दिवसाचे पावणेचार हजार लिटर होतात, आणि वाड्यावर मग शिंपण्याचं पाणी बंद होतं. पाऊस सुरू झाला की वायसर परत चढतं.

कान मात्र ठोक्याच्या आवाजाकडे ठेवायला हवा. नेहमीचा ठोका मऊ आणि भरीव असतो. तो कोरडा, लोखंडावर घण पडल्यासारखा झाला तर एअर चेंबरमधली हवा संपली असं समजायचं. दाबाखाली हवा हळूहळू पाण्यात विरघळत जाते. ती भरून काढण्यासाठी एनआरव्हीच्या खाली दीड मिलिमीटरचं भोक असतं. दर ठोक्याला ते थोडी हवा आत ओढतं आणि चिळकांडीही उडवतं. चिळकांडी थांबली की भोक गाळाने बुजलं. तसंच चालू ठेवलं तर सांधे सुटतात, पाइप तडकतो. काही जण चेंबरमध्ये अर्धवट फुगवलेली सायकलची ट्यूब घालतात. ती भोकावर अवलंबून नसते, पण ट्यूब गळतेय की नाही हे बाहेरून कळत नाही. मला भोक जास्त भरवशाचं वाटतं.

वरचा पाइप रिकामा असताना पंप आपोआप सुरू होत नाही, कारण झाकण पाडणारी दाबाची उलट उसळी वरच्या पाइपात पाण्याचा दाब असल्याशिवाय येत नाही. काका झाकण हाताने पुन्हापुन्हा दाबत राहिले. पाइपात पाणी चढत गेलं, तसा पंपाने स्वतःच ताल धरला. नवीन पंप लावून ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी एवढं करून पाहावं.

पावसाळ्यात व्हाळ चढून खोलीत पाणी शिरतं. वेस्ट व्हॉल्व बुडाला की हवेचं भोकही बुडतं, म्हणून पुराच्या दिवसांत पंप बंद करून वरची झाकणं काढून नेतात. तेव्हा वाडा वरच्या झऱ्यांवर भागवतो.

आपल्या वाड्यासाठी पंपाचा विचार असेल तर मेमध्ये बादली आणि घड्याळ घेऊन जावं. उतार मोजायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्यावी. मोबाइलवरच्या उंचीवर विसंबू नये, कारण चार मीटरच्या उतारात दोन मीटरची चूक म्हणजे निम्मं पाणी. चढ उताराच्या दहा-बारा पटींपलीकडे गेला तर हाती येणारं पाणी फारच कमी होतं; तिथे व्हाळाच्या आणखी खालच्या अंगाला पंप बसवून उतार वाढवता येतो का, ते आधी पाहावं. बांधाच्या तोंडाला जाळी हवीच. एक काडी एनआरव्हीत अडकली की ठोका चालू राहतो, पण टाकीत थेंब पडत नाही.

व्हाळ म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर आधी वनखात्याची परवानगी घ्यावी. खोलीत उतरताना पायात बूट आणि हातात बॅटरी असू द्यावी. चिऱ्यांच्या गार फटींत साप बसतात. आणि पंपाला हात लावण्याआधी वाड्यावर सांगावं, कारण खाली ठोका थांबला की वर टाकीजवळ भांडी घेऊन थांबलेल्यांना त्याचं कारण कळत नाही.