एका तासाची सूचना

पुण्यातील आमची अकरा जणांची टीम लंडनच्या एका ग्राहक कंपनीच्या संगणक प्रणालीची देखभाल करते. तेथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे दीड वाजलेले असतात, परंतु ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे जातात आणि तेच नऊ आपल्याकडे अडीचला वाजू लागतात. २०२५ साली हा रविवार २६ ऑक्टोबरला, म्हणजे भाऊबीज होऊन तीनच दिवसांनी आला. दीड ते साडेदहाची आमची पाळी सोमवारपासून अडीच ते साडेअकरा होणार होती आणि तशी सूचना दिवाळीपूर्वी काढण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिल्या मसुद्यात मी लिहिले, ‘सर्वांना कळविण्यात येते की कामाची वेळ बदलण्यात येत आहे, कृपया नोंद घ्यावी.’ तो वाचताना मलाच कोरडा वाटला, म्हणून दुसऱ्यात ‘आपणा सर्वांच्या सोयीचा विचार करून’ अशी सुरुवात केली आणि शेवटी ‘सहकार्याची नम्र विनंती’ जोडली. टीममधील एका ज्येष्ठ सहकारी महिलेला तो दाखवला. ती म्हणाली, “सोय आपली नाही, लंडनची आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि विनंती म्हणतोस, तर मी नाही म्हटले तर चालेल का?”

तिचा प्रश्न केवळ शब्दांचा नव्हता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलांना काम द्यायचे, तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक असते. साडेदहापर्यंतची लेखी संमती आमच्याकडे होती, पण तिच्या आधारे आणखी एक तास गृहीत धरणे मला योग्य वाटेना. शिवाय लोणावळ्याच्या लोकलने घरी जाणाऱ्या एका सहकाऱ्याला साडेअकरानंतर गाडीचा भरवसा राहणार नव्हता.

त्यामुळे सूचना लिहिण्याआधी मी व्यवस्थापकांकडून दोन गोष्टी मंजूर करून घेतल्या: उशिरा सुटणाऱ्या प्रत्येकाला, पुरुषांनाही, घरापर्यंत गाडी, आणि तिघांपुरती साडेबारा ते साडेनऊची पाळी, कारण आदल्या दिवसाच्या प्रलंबित तक्रारी लंडनचे कार्यालय उघडण्यापूर्वीही हाताळता येतात.

अखेरचा मजकूर असा होता: ‘लंडनची वेळ बदलत असल्याने २७ ऑक्टोबरपासून आपली पाळी दुपारी २.३० ते रात्री ११.३० राहील. ही वेळ आपल्याला बदलता येणारी नाही आणि घरी पोहोचायला उशीर होईल, याची जाणीव आहे. सर्वांना घरापर्यंत गाडी मिळेल. तीन जणांना १२.३० ते ९.३० ही पाळी घेता येईल. ज्या महिलांना साडेअकरापर्यंत थांबायचे नसेल, त्यांना प्रथम प्राधान्य राहील; कारण सांगण्याची आवश्यकता नाही. आपली पसंती १५ तारखेपर्यंत मला एकट्याला कळवावी.’

‘कारण सांगण्याची आवश्यकता नाही’ हे वाक्य त्याच सहकारी महिलेने सुचवले होते. लवकरच्या पाळीसाठी चौघांची नावे आली. दोन महिलांना ती लगेच दिली आणि तिसरी जागा उरलेल्या दोघांनी आठवड्याआड वाटून घेतली.