दर दहा फुटांना मूठभर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं महाविद्यालयाचं पत्र आलं तेव्हा मी शेतात होतो, हातात विहीर मोजायचा टेप होता. पत्र वाचलं आणि पहिल्यांदा आठवला तो भूशास्त्र विभागाचा जिना, आणि जिन्याच्या वर दारात उभे असलेले सर. बाकीचे लेखक मैदानाबद्दल, स्नेहसंमेलनाबद्दल लिहितीलच. मला सरांशिवाय दुसरं काही सुचणार नाही, हे आधीच सांगतो.

आमच्या वर्गात नऊ जण होतो. त्यातला एक म्हणजे पैलवान. खरं नाव इथं लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही, पण 2003 च्या बॅचला पैलवान म्हटलं की पुरे. तीन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो, एकाच हातोड्यानं दगड फोडले.

दुसऱ्या वर्षाच्या सहलीतला प्रसंग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. माळशेज घाट पाहून परतताना सरांनी एका शेतातल्या विहिरीपाशी गाडी थांबवली. म्हणाले, विहीर म्हणजे आपलं पुस्तक, पानं उभी आहेत एवढंच. प्रत्येक जोडीनं खाली उतरायचं, थर ओळखायचे आणि झरा किती फुटांवर आहे ते मोजून लिहायचं. आमची पाळी शेवटची होती. दुपार झाली होती, पायऱ्यांवर शेवाळ होतं. आम्ही दोघं अर्ध्यावर उतरलो, वरूनच अंदाज घेतला आणि वहीत 28 फूट लिहून टाकलं.

सरांनी वही पाहिली. काही बोलले नाहीत. चपला काढल्या, धोतराचा काचा मारला आणि स्वतः खाली उतरले. पंचावन्नच्या पुढचे असतील तेव्हा. वर आले तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजले होते. ओला टेप त्यांनी पैलवानाच्या हातात ठेवला आणि गाडीकडे चालू लागले. टेपवर 34 फुटांपाशी खडूची खूण होती. पुसट झाली होती, पण वाचता येत होती. परतीच्या वाटेवर पैलवान एक शब्द बोलला नाही.

त्याच वर्षी सरांनी बोअरच्या नोंदी शिकवल्या. दर दहा फुटांना मूठभर भुकटी घ्यायची, पिशवीत भरायची, पिशवीवर खोली लिहायची. आपला महाराष्ट्र बहुतेक बेसाल्टवर बसलाय, लाव्हाचे थर एकावर एक रचलेले. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, पोकळ्यांमध्ये पांढरे खनिज भरलेले. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग घट्ट, काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल मातीसारखा पट्टा, तो गेरू. पाणी मुरमात आणि मांजऱ्यात हिंडतं, गेरूवर येऊन थांबतं. हे सगळं सरांनी फळ्यावर न काढता विभागाच्या कपाटातल्या दगडांवर हात ठेवून शिकवलं. ते कपाट आता तिथं नाही. त्या खोलीत संगणक कक्ष झालाय, असं कळलं. संगणकाला माझा विरोध नाही, पण तो गारगोट्यांनी भरलेला मोठा दगड कुठं गेला, एवढं कुणी कळवलं तर बरं होईल.

पदवीनंतर मी एम. एस्सी. केलं आणि पाणलोटाच्या कामात शिरलो. चर खणायचे, नाले अडवायचे, पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं. पैलवानाच्या घरी कर्ज होतं. तो बोअरच्या गाडीवर चढला. तेव्हा बहुतेक गाड्या तमिळनाडूच्या तिरुचेंगोडकडच्या असायच्या. तो त्यांच्यात हेल्पर म्हणून राहिला, तमिळ शिकला, पुढं स्वतःची गाडी घेतली. एस. टी. स्टँडवर शेवटचं भेटलो तेव्हा मी त्याला म्हणालो, "मी जमिनीत पाणी घालणार, तू जमिनीला भोकं पाडून ते काढणार." तो म्हणाला, "लोकांना प्यायला लागतं रे." मी उत्तर दिलं नाही. वीस वर्षं आम्ही बोललो नाही. त्या एका वाक्यासाठी मी आज त्याची जाहीर माफी मागतो.

मे 2023 मध्ये पारनेर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं मला बोलावलं. त्याची विहीर 38 फुटांची, वडिलांनी गेरू लागल्यावर खोदणं थांबवलेली. उन्हाळ्यातही तिच्यात पाच-सहा फूट पाणी असायचं. त्या वर्षी फेब्रुवारीतच तळ दिसला. पाऊस कमी झाला, असं सगळे म्हणत होते. पण शेजारच्या दोन विहिरींत पाणी होतं, त्यामुळे दोष पावसाचा नव्हता. विहिरीपासून साठेक फुटांवर त्याचाच नवा बोअर होता, 300 फुटांचा. तो सुरुवातीला थोडं पाणी द्यायचा, मग तोही आटला.

मला संशय आला तो एकाच गोष्टीचा. सूर्य माथ्यावरून कलल्यावर घरातला आरसा मागवला आणि ऊन बोअरमध्ये सोडलं. असं केलं की बोअरची भिंत बरीच खोलवर दिसते. वरची माती ढासळू नये म्हणून बोअरच्या तोंडाशी बसवलेला पाईप म्हणजे केसिंग. ते संपतं त्याच्या खाली एका बाजूनं पाण्याची बारीक धार भिंतीवरून चमकत खाली जात होती. कान लावला तर खूप खालून टपटप ऐकू आली. म्हणजे विहिरीचं पाणी बोअरमध्ये शिरत होतं आणि खाली कुठंतरी नाहीसं होत होतं. कुठं, ते मात्र आरशात दिसत नव्हतं.

मला राग आला. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याला जाब विचारायचा म्हणून गोठ्याच्या भिंतीवर रंगवलेला नंबर लावला. पलीकडून आवाज आला, "बोला." एवढ्यावरूनच मी ओळखलं.

"पैलवान?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाला, "विहीर आटली का? उद्या सकाळी येतो. तारीख सांग बोअरची."

तो आला मोटारसायकलवरून. केस पांढरे झालेले, उजव्या कानानं कमी ऐकू येतं, कॉम्प्रेसरशेजारी वीस वर्षं उभं राहिल्यानं. गळाभेट झाली नाही. त्यानं आधी पिशवीतून वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. त्या बोअरचं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

12 फुटांपर्यंत मुरूम. 12 ते 38 मांजऱ्या, 31 फुटांवर ओल. 38 ते 45 गेरू, लाल भुकटी. 45 पासून काळा पाषाण. 190 ते 205 च्या समोर लिहिलं होतं: "धूळ बंद. हवा गेली. कोरडं." त्याखाली 300 पर्यंत पुन्हा काळा.

ज्यांनी बोअर होताना पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. हातोडा खाली दगड फोडतो आणि कॉम्प्रेसरची हवा ती भुकटी वर फेकते. पाणी लागलं तर धूळ थांबते आणि चिखल उडतो. पण धूळही थांबली आणि चिखलही आला नाही, तर हवा आत कुठल्यातरी मोकळ्या भेगेत शिरली असं समजायचं. तशी कोरडी भेग 190 फुटांवर होती. केसिंग होतं 20 फूट. 12 फुटांवर टणक लागलं म्हणून तेवढंच बसवलेलं, सगळे तसंच करतात. त्यामुळे 31 फुटांवरची ओल उघडी राहिली, गेरूचं झाकण फुटलं आणि वरचं पाणी उभ्या भोकातून 190 च्या भेगेत ओतलं जात होतं. माझ्याकडे तालुक्याचा नकाशा होता, उपग्रहाची चित्रं होती, पण ती भेग माझ्याकडच्या कुठल्याही कागदावर नव्हती.

तो म्हणाला, "चूक माझी आहे. केसिंगचे पैसे वाचवतोय असं मला वाटलं होतं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझ्याही.

उपाय त्यानंच केला आणि खर्चही त्यानंच सोसला. साडेसहा इंची बोअरमध्ये बसेल असा बारीक पाईप 55 फुटांपर्यंत, म्हणजे गेरू ओलांडून काळ्या पाषाणात खाली सोडला. पाईपाच्या बुडाशी गोणपाट आणि ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या, म्हणजे खाली बूच बसतं. मग पाईप आणि बोअरची भिंत यांच्या मधल्या फटीत आधी ओली चिकणमाती, तिच्यावर पातळ सिमेंट, हळूहळू, एक एक बादली. घाई केली तर हवा अडकते आणि पोकळी राहते. तीन दिवस हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी पुन्हा आरसा धरला. आत पाईप कोरडा होता.

विहीर लगेच भरली नाही, मेमध्ये भरणारही नव्हती. पावसाळ्यानंतर भरली. फेब्रुवारी 2024 मध्ये मी मोजली तेव्हा तळाशी अकरा फूट पाणी होतं. असं प्रत्येक ठिकाणी जमत नाही. कोरडी भेग गेरूच्या जवळच असेल, किंवा वरचे झरे आधीच आटलेले असतील, तर हा पाईप काही करू शकत नाही. या ठिकाणी जमलं, कारण कुठं काय लागलं ते लिहिलेलं होतं.

तेव्हा मी त्याला विचारलं, अशा किती वह्या आहेत? त्यानं घरी नेलं. माळ्यावर दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. 2003 पासूनचा प्रत्येक बोअर, प्रत्येक दहा फूट. पाण्याच्या नोंदी लिटरमध्ये. लोक 'एक इंच पाणी', 'दोन इंच पाणी' म्हणतात, म्हणजे त्रिकोणी खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची. दोन इंच म्हणजे एक इंचाच्या दुप्पट असं शेतकऱ्याला वाटतं, पण ते साडेपाच पटीहून जास्त असतं, तासाला पाचशे लिटर आणि जवळपास तीन हजार लिटर. सरांनी पत्र्याला खाच पाडून, बादली लावून हे दाखवलं होतं. पैलवान शेतकऱ्याला कधी इंच सांगत नाही. माझ्या बाकावरचा हा मुलगा वीस वर्षं एकट्यानं सरांचा वर्ग चालवत होता, आणि मी त्याला भोकं पाडणारा म्हणालो होतो.

आता आम्ही दोघं मिळून त्या वह्या नकाशावर चढवतोय. सहा गावांचं काम झालं आहे. कुठं केसिंग किती खोल हवं, कुठं बोअर घेऊच नये, हे त्या गावांत आता आधी पाहिलं जातं. सहावं गाव पूर्ण झालं त्या दिवशी आम्ही सरांकडे गेलो. सर आता ऐंशीच्या घरात आहेत, चालताना काठी लागते. चष्मा पुसून त्यांनी ती निळी वही मांडीवर घेतली, एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले आणि 190 वर थांबले.

"इथं धूळ आलीच नाही म्हणतोस. मग पिशवीत काय भरलंस?"

पैलवान विद्यार्थ्यासारखा उभा राहिला. "रिकामीच ठेवली, सर. वर 190 लिहून."

सरांनी वही मिटली नाही. "आण ती," म्हणाले, "मला पाहायचीय."