शके १९४? सुटला: शिमर कार्डाची नोंद

मागच्या नोंदीतला, चमकदार शिमर कागदावर छापलेल्या लग्नपत्रिकेचा फोटो अखेर वाचून झाला. पत्रिका कोणत्या वर्षाची हे काढायचं होतं. ज्यांनी ती नोंद पाहिली आहे त्यांना अडचण आठवत असेल. दिनांकाच्या ओळीवर फोटो काढणाऱ्याचा अंगठा, मितीच्या ओळीवर फ्लॅशचा पांढरा डाग, आणि त्या डागात नेमका शकाचा शेवटचा आकडा. दिसत होतं ते एवढंच: ‘मिती वैशाख शु. ३, शुक्रवार, शके १९४’ आणि पुढे उजेड.

आधी स्वस्तिकाचं उरकतो, कारण ते लवकर सुटलं. कलशावरचं स्वस्तिक उलटं दिसत होतं, त्यावरून बऱ्याच शंका आल्या होत्या. पण त्याच पानावरचा गणपतीही उजव्या सोंडेचा दिसत होता. एकच चिन्ह उलटं असेल तर चित्रकाराकडे बोट दाखवता येतं; दोन्ही एकदम उलटी असतील तर कागदाकडे बघायचं. कार्डात आत बटर पेपरचं पान आहे, ते उलटलेलं आहे आणि आपण त्याची मागची बाजू बघतो आहोत. पुरावा म्हणजे त्या पानावरची सोनेरी फॉईल कुठेच चमकत नाही, नुसती मळकट सावली दिसते. फॉईल एकाच बाजूने बसते. पुढची बाजू असती तर एवढ्या फ्लॅशमध्ये ती भडकली असती.

तसंही गणपती, कलश, केळीचे खांब, सनई-चौघडा यांवरून कुटुंबाबद्दल फार काही काढू नये असं माझं ठाम मत होत चाललं आहे. हे रेडी कार्ड आहे. चित्रं कार्ड बनवणाऱ्याने आधीच छापलेली असतात, मजकूर नंतर गावातला छापखाना चढवतो. त्यामुळे एकाच कार्डावर दोन थर असतात आणि ते वेगवेगळे वाचावे लागतात. कुटुंबाचा हात दिसतो तो मजकुरात: वर ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ आहे की ‘श्री जोतिबा प्रसन्न’, निमंत्रक कोण, कार्यक्रम कोणत्या क्रमाने लावले आहेत.

आता मुख्य गोष्ट. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया, त्यामुळे पंचांगं चाळणं सोपं होतं. वैशाखात शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. १९४० च्या पुढची वर्षं एकेक करून पाहिली. २०१८ ला बुधवार, २०१९ ला मंगळवार, २०२० ला रविवार, २०२२ ला पुन्हा मंगळवार, २०२३ ला शनिवार, २०२५ ला बुधवार. शुक्रवार दोनदाच येतो: १४ मे २०२१ आणि १० मे २०२४. म्हणजे शके १९४३ किंवा १९४६.

आणि इथे डोकं फिरायची वेळ आली, कारण ३ आणि ६ हे देवनागरीत जवळजवळ एकमेकांचे आरसे आहेत. ३ ची पोटं उजवीकडे फुगतात, ६ ची डावीकडे. अर्धा आकडा उजेडाने खाल्ला आणि उरलेला पुसट झाला की कुठल्या बाजूचं पोट आहे हे सांगता येत नाही. त्याच ओळीतला ‘शु. ३’ मधला ३ उचलून वर ठेवून पाहिला. बसतो म्हटलं तर बसतो, नाही म्हटलं तर नाही.

मग वाटलं, कार्यक्रमांची मांडणीच निकाल देईल. गुरुवारी सायंकाळी हळद आणि सीमांतपूजन, शुक्रवारी दुपारी विवाह, मुहूर्तानंतर भोजन, सायंकाळी ७ ते १० स्वागत समारंभ. महाराष्ट्रात २२ एप्रिल २०२१ पासून लग्नाला २५ माणसं आणि एकाच सभागृहात दोन तास एवढीच मुभा होती. अशा काळात कोण तीन तासांचं रिसेप्शन छापेल? पण हा युक्तिवाद टिकत नाही. मे महिन्यातल्या लग्नाची कार्डं मार्चमध्येही छापून होतात, आणि छापलेलं कार्ड हे फक्त ठरलेल्या बेताचा पुरावा असतं. त्याप्रमाणे लग्न पार पडलं की नाही, ते कार्ड सांगत नाही.

शेवटी मूळ फाईल मागवली. (पुन्हा एकदा विनंती: फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो दाबला जातो आणि रंगाचा तपशील सगळ्यात आधी जातो.) गिंप या फोटो संपादनाच्या प्रोग्राममध्ये `Colors → Components → Decompose` करून तिन्ही चॅनल वेगळे काढले. सोनेरी कागदाची चमक लाल आणि हिरव्यात आधी भरून जाते, निळ्यात ती कमी असते. आणि मरून शाई निळ्यात जवळपास काळी दिसते. त्यामुळे डागाची कड निळ्या चॅनलमध्ये बरीच आत सरकली. डागाचा गाभा मात्र तिन्ही चॅनलमध्ये कोरा पांढराच राहिला. तिथे माहितीच नाही, कितीही कर्व्ह ओढा. आकडा त्या गाभ्यातच होता.

पण आकड्याच्या पुढचा शब्द अर्धवट बाहेर आला! शब्दाचं अंग गेलेलं, शिरोरेषेचा धागा आणि तिच्या वरचे फटकारे तेवढे शिल्लक, आणि त्यानंतर स्पष्ट ‘नाम संवत्सरे’. हे लक्षात येताच आकड्याचा नाद सोडला. शके १९४३ हा प्लवनाम संवत्सर आणि १९४६ हा क्रोधीनाम. ‘प्लव’ लिहिताना शिरोरेषेच्या वर काहीच जात नाही. ‘क्रोधी’त ओकाराची मात्रा आहे आणि दीर्घ ईकाराची वेलांटी आहे. फोटोत रेषेच्या वर दोन खुणा आहेत, मधे एका अक्षराएवढं अंतर सोडून. म्हणजे १९४६, १० मे २०२४.

यानंतर एक गोष्ट आपोआप जुळली. त्या दिवशी गुरू आणि शुक्र दोन्ही अस्तात होते, त्यामुळे नेहमीच्या विवाहमुहूर्तांच्या यादीत तो काळ रिकामा असतो. गौण काळातले मुहूर्त काढणारे काढतात, ती वेगळी गोष्ट. पण अक्षय्य तृतीया साडेतीन मुहूर्तांपैकी म्हणून बरेच जण तो दिवसच धरून लग्न लावतात. कार्डावर विवाहाची वेळ ‘दु. १२ वा. ३० मि.’ आहे. एरवी पत्रिकेत १२ वा. ३७ मि. असली तिरकी वेळ दिसते, कारण ती पंचांगातून आलेली असते. गोल वेळ बहुधा सभागृहाच्या आणि पंगतीच्या सोयीने येते. एवढ्यावरून वर्ष ठरवलं नसतं, पण ठरलेल्या वर्षाला ते शोभतं.

खरं तर पुढची नोंद शुभचिन्हांच्या तक्त्याची व्हायची होती. आता तो बेत मागे टाकतो. त्याऐवजी साठही संवत्सरांची नावं शिरोरेषेच्या वर आणि खाली काय दिसतं त्यानुसार लावायला घेतली आहेत. ‘जय’, ‘व्यय’, ‘प्लव’, ‘प्रभव’ वर कोरे, ‘शुभकृत’ला फक्त खाली खुणा, ‘शार्वरी’ला वर रफार आणि वेलांटी, तेही शेजारशेजारच्या अक्षरांवर. जुन्या, घडीवर झिजलेल्या पत्रिकांत अक्षरांची अंगं जातात आणि मात्रा राहतात, असं कुणाच्या पाहण्यात असेल तर तसे फोटो हवे आहेत. शक ठाऊक असलेले आधी पाठवा, म्हणजे तक्ता तपासता येईल.